सोनं सहापट, नाणं अडीचपट

"सोन्याचा भाव वाढला की जुन्या सोन्याच्या नाण्यांची किंमतही तेवढीच वाढते."

क्रुगररँडसारख्या गुंतवणुकीच्या नाण्याला हे लागू पडतं. तिथे पैसे वजनाचे, वर थोडी घडणावळ. अमेरिकेचं १९३३ चं 'डबल ईगल' मात्र बघा. त्यात सोनं सुमारे ३० ग्रॅम. २००२ मध्ये ते जवळपास ७६ लाख डॉलरला विकलं गेलं, २०२१ मध्ये १ कोटी ८९ लाखांना. तेवढ्या काळात सोन्याचा भाव साधारण सहापट झाला होता! पैसे मोजले गेले ते दुर्मिळतेचे, कारण त्या सालची बहुतेक सगळी नाणी टाकसाळीनंच वितळवली होती.

उलटंही घडतं. हौसेनं जुनं नाणं घासून चकचकीत केलं, की तिरप्या उजेडात बारीक ओरखडे दिसतात. वजन जवळपास तेवढंच राहतं, पण संग्राहक वरचे पैसे द्यायला तयार होत नाही.