तीन राजधान्यांच्या देशाला एकच राजधानी चिकटवणं बंद करा

दक्षिण आफ्रिकेची राजधानी कुठली हा प्रश्न विचारायचा, खाली चार पर्याय द्यायचे त्यात प्रिटोरिया पण, केप टाऊन पण, आणि उत्तरपत्रिकेत एकाच नावावर टिक, हे कधी थांबणार आहे?? आमच्या वाडीत गणपतीत प्रश्नमंजुषा असते, तिथे सातवीतल्या पोरीने तिन्ही शहरं कामासकट बरोब्बर सांगितली तर परीक्षक म्हणतात "बाय, एकच सांग, आमच्याकडे केप टाऊन आहे" आणि शून्य! वर जहाजावर असणारे एक काका उभे राहून म्हणे मी स्वतः केप टाऊन बंदराला उतरलोय, तीच राजधानी. अहो काका बंदर बघितलंत ना, मग तिथे संसद आहे एवढंच खरं, सरकार बसतं प्रिटोरियात, हजार किलोमीटरच्या वर लांब, राष्ट्रपतींचं मुख्य कार्यालय युनियन बिल्डिंग्ज तिथे आणि परदेशी वकिलातीही मुख्यतः तिथेच.

आणि हे काय कोणी गंमत म्हणून केलेलं नाही. 1910 साली चार वसाहती एकत्र करून एक देश केला तेव्हा राजधानी कोणाची यावर भांडण, शेवटी वाटणी झाली, ट्रान्सवालच्या प्रिटोरियाला सरकार, केपच्या केप टाऊनला संसद, ऑरेंज रिव्हरच्या ब्लूमफॉन्टेनला अपील कोर्ट, आणि नाताळच्या पीटरमॅरित्झबर्गच्या हाती फक्त पैशांची भरपाई. सामायिक घराच्या वाटणीत एकाला ओटी, एकाला माजघर मिळावं तसं, मग घर कोणाचं म्हणून एकच नाव कसं घेणार?

ब्लूमफॉन्टेनचं तर अजून वाईट, गाईडवाले सरळ छापतात "येथे देशाचं सर्वोच्च न्यायालय आहे". नाही हो! तिथे आहे सुप्रीम कोर्ट ऑफ अपील. त्याच्या वर घटनात्मक न्यायालय, ते जोहान्सबर्गला, आणि 2013 पासून सगळ्याच प्रकारच्या खटल्यांत त्याचाच शब्द शेवटचा. म्हणून काही जोहान्सबर्ग राजधानी होत नाही, न्यायिक राजधानी म्हणून नाव अजून ब्लूमफॉन्टेनचंच घेतात, पण मग कारण तरी नीट लिहा ना.

लिहायचं कसं, तर नावापुढे काम लावून: प्रिटोरिया कार्यकारी, केप टाऊन कायदेमंडळाची, ब्लूमफॉन्टेन न्यायिक. जागा एकाच नावाची असेल तर प्रश्नच बदला, "कार्यकारी राजधानी कोणती" विचारा, एका शब्दाने काम होतं. त्यांच्या राज्यघटनेत पण "संसदेचं स्थान केप टाऊन" एवढंच आहे, आणि तेही कायदा करून बदलता येतं, देशाची राजधानी अमुक असं वाक्यच नाही!

आणि हाच नियम डोळे झाकून बोलिव्हियाला लावू नका, तिथे घटनेतच सुक्रे राजधानी म्हणून लिहिलंय, तिथे सर्वोच्च न्यायालय आहे, सरकार आणि संसद मात्र ला पाझला. म्हणजे तिथे नुसतं "राजधानी" विचारलं तर सुक्रे, आणि तरी आमच्या गाईडात ला पाझच छापलंय.