रफार दिसतो का?

फोनची बॅटरी विरारपर्यंत पुरावी की पडद्यावरचा रफार सुबक दिसावा, असा पेच चर्चगेटला नोकरी करणाऱ्या माणसापुढे कधी ना कधी उभा राहतोच. माझ्या फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये HD+, FHD+ आणि WQHD+ असे तीन पर्याय आहेत. सर्वांत वरच्या पर्यायात 6.8 इंची पडद्यावर 3088 × 1440 पिक्सेल येतात, म्हणजे इंचाला सुमारे 500. मधल्या पर्यायात 2316 × 1080, म्हणजे इंचाला सुमारे 375.

निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन ओळखता येतो, असे मानतात. फोन तीस सेंटिमीटरवर धरला, तर हे प्रमाण इंचाला साधारण 290 पिक्सेल भरते. त्यामुळे मधला पर्याय निर्धास्तपणे निवडावा, असे गणित सांगते. पण हे गणित मांडणाऱ्याने संध्याकाळची विरार फास्ट पाहिलेली नसावी. त्या डब्यात आपला हात आपल्या मालकीचा राहत नाही आणि फोन नाकापासून जेमतेम पंधरा सेंटिमीटरवर येतो. तिथे डोळ्याची मर्यादा दुप्पट होऊन 580 वर जाते, आणि मग WQHD+ देखील अपुराच ठरतो. सुदैवाने चाळिशी उलटलेल्या माणसाला इतक्या जवळचे काहीच धड दिसत नाही, त्यामुळे हा आक्षेप वयोमानानुसार निकालात निघतो.

खरी गोम वेगळीच आहे. सेटिंग बदलले तरी पडद्यावरचे पिक्सेल तेवढेच राहतात. फोन 1080 रुंदीचे चित्र तयार करतो आणि ते ताणून 1440 मध्ये बसवतो, म्हणजे तीन पिक्सेलांचा ऐवज चार पिक्सेलांत वाटतो. या वाटणीत बारीक रेषेची कड किंचित करडी होते. फोटोत ते कळत नाही. कळलेच तर पंचांगाच्या ॲपमधल्या बारीक टाइपात, ‘सूर्यास्त’मधल्या रफारावर. मी तो निरखून पाहिला आणि मधला पर्याय पसंत केला. HD+ मध्ये मात्र प्रमाण 250 वर उतरते, आणि अनुस्वार कुठे संपतो व पडद्यावरची धूळ कुठे सुरू होते, याविषयी मतभेद होऊ लागतात.

आता बचतीचे. ग्राफिक्सच्या चिपला दर वेळी साडेचव्वेचाळीस लाखांऐवजी पंचवीस लाख पिक्सेल रंगवावे लागतात, त्यामुळे जड गेम खेळणाऱ्याला थोडा लाभ होतो. पडद्याच्या उजेडाला लागणारी वीज मात्र तशीच राहते, आणि तोच खरा खादाड. हे सारे मी घरी सविस्तर समजावून सांगितल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, मग आधी ब्राइटनेस कमी करा ना.”

चिरंजीवांनी FHD+ वर स्क्रीनशॉट काढला, तो मोठा करून अक्षरे फाटलेली दाखवली आणि निकाल जाहीर केला. स्क्रीनशॉट ताणण्याआधीच्या चित्राचा निघतो, त्याची रुंदी 1080 च असते; पडद्यावर प्रत्यक्ष काय उमटले ते त्यात येतच नाही, हे त्याला पटवता पटवता माझी बॅटरी संपली.