काळी साल म्हणजे सडकं केळं नव्हे!

आज सकाळी ओल्या कचऱ्याच्या डब्यापाशी शेजारच्या ताई केळ्यांची फणी टाकायला निघालेल्या. "फ्रिजमध्ये काळी पडली हो, आता कशी खायची?" मी ती फणी अक्षरशः हातातून काढून घेतली.

माझे मामा रावेरचे, केळीची बाग असलेले. डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी पडली की झाडावरच्या केळ्यांच्या सालीचाही रंग जातो. व्यापारी तेवढ्यावरून भाव पाडतो आणि मामा चरफडत म्हणतात, "अरे, साल खाणार आहेस का गर?"

केळं उष्ण प्रदेशातलं फळ. साधारण १३ अंशांखाली सालीला थंडी सोसत नाही, म्हणून परदेशी जाणारी केळीसुद्धा १३-१४ अंशांवर ठेवतात. आपल्या फ्रिजमध्ये असतात चार-पाच अंश! एवढ्या थंडीत सालीतल्या पेशींचे पडदे फाटतात, आत वेगवेगळी ठेवलेली द्रव्यं एकमेकांत मिसळतात, हवा लागते आणि साल काळी पडते. चिरलेलं वांगं काळं पडतं ना, तसंच. यात जंतूंचा काही संबंध नाही. उलट थंडीमुळे गराचं पिकणं मंदावतं, म्हणून पिकलेलं केळं फ्रिजमध्ये चार-पाच दिवस सहज टिकतं.

घरी येऊन एकेक केळं सोललं. पाच केळ्यांचा गर फिकट पिवळा, घट्टसर, वास गोड. सहाव्याची साल देठाशी फुटलेली होती. तिथून पाणी सुटलेलं, आत गर करडा आणि वास दारूसारखा आंबूस. ते मात्र टाकलं. देठावर पांढरी किंवा हिरवट बुरशी दिसली तरी टाकायचं, नुसता तेवढा भाग कापून खायचं नाही.

मऊ केळं काहींना नकोसं वाटतं, कबूल. मधुमेह असेल तर फार पिकलेलं बेतानेच खावं, हेही मान्य. पण म्हणून डब्यात? बागेतून घड उतरवताना सालीला ओरखडा पडू नये म्हणून माणसं किती जपतात, ते मी मामांकडे पाहिलंय. खरंच राग येतो मला.

ताईंवर नाही हं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या पाचांतली तीन कुस्करून दुधात शिकरण केलं, साखर जवळजवळ लागलीच नाही, आणि वाटीभर त्यांच्याकडे पाठवलं. दोन ठेवलीत उद्याच्या शिऱ्याला. तुपावर रवा भाजत आला की कुस्करलेलं केळं त्यातच परतायचं.

एक मात्र खरंच करू नका. कच्ची, हिरवट केळी फ्रिजमध्ये घालू नका. त्यांचं पिकणंच बिघडतं. मग बाहेर काढून कितीही ठेवा, साल काळी आणि गर पिठूळ, बेचव. आधी बाहेर टांगून पिकू द्या, पिवळीधमक झाली की मग खुशाल आत ठेवा.