पहिला रजेचा अर्ज आणि कडक मुख्याध्यापक

रजेचा अर्ज म्हणजे विनवणी नव्हे, हे नव्या शिक्षकांना डी.एड.लाच शिकवायला हवं, असं माझं ठाम मत आहे. एक गोष्ट सांगते, म्हणजे मुद्दा कळेल.

नांदेडची मुलगी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या चार शिक्षकांच्या शाळेत नुकतीच लागलेली. डिसेंबरात भावाचं लग्न. मुख्याध्यापक इतके कडक की त्यांच्या टेबलाशी जाताना हिचे हात गार पडायचे. रात्री बसून तिनं दीड पान लिहिलं. भाऊ एकुलता एक आहे, आई थकली आहे, "कृपया मोठ्या मनाने समजून घ्यावे". सरांनी वाचलं आणि लाल पेनानं एकच ओळ लिहून कागद परत दिला: "किती दिवस? कोणती रजा? वर्ग कोणाकडे?"

मला या सरांचा मुळीच राग येत नाही. दीड पानात तारीखच नव्हती! "लग्नासाठी चार दिवस" एवढंच होतं, आणि तेही चुकीचं. लग्न शुक्रवारचं; गुरुवार 11 ते शनिवार 13 ही रजा झाली तीन दिवसांची. शनिवारी शाळा सकाळची असली तरी रजा पूर्ण दिवसाचीच लागते. रविवार 14 ही सुट्टी, ती रजेत मोजायची नाही, पण "जोडून उपभोगण्याची परवानगी" असं अर्जात लिहायचं. नांदेडला जायचं म्हणजे मुख्यालय सोडायचं, त्याचीही परवानगी त्याच अर्जात मागायची. नेमकं हेच वाक्य नवे लोक विसरतात.

दुसरा अर्ज आठ ओळींचा झाला. त्याचा गाभा असा:

"विषय: तीन दिवसांची किरकोळ रजा व मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय, भावाच्या विवाहानिमित्त दि. 11 ते 13 डिसेंबर अशी तीन दिवसांची किरकोळ रजा मंजूर व्हावी. जोडून येणारा रविवार दि. 14 उपभोगण्याची व मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी. दि. 15 रोजी शाळा भरण्यापूर्वी हजर होईन."

खाली रजेच्या काळातला पत्ता, मोबाइल क्रमांक, सही, तारीख. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ: "इयत्ता दुसरीचा वर्ग चौथीच्या बाईंकडे, त्यांच्या संमतीने." शेजारी त्या बाईंची सही. चार शिक्षकांच्या शाळेत एक माणूस गेला की एकाला दोन वर्ग सांभाळावे लागतात, पोषण आहाराची नोंदही कुणीतरी करावी लागते. सरांची खरी काळजी ती होती, नव्या बाईंच्या भावाची नव्हे.

कारण मात्र एकाच ओळीत ठेवावं. लांबलचक कारण वाचताना शिक्षक घाबरलाय हेच आधी दिसतं, आणि आजाराचं खोटं कारण तर कधीच देऊ नये. लग्नाचे फोटो गावभर फिरतात.

सरांनी दुसरा अर्ज वाचला, हजेरीपटावरचे तीन दिवस बोटानं मोजले, "मंजूर" लिहून सही केली. तिनं दोन प्रती नेल्या होत्या. एक शाळेच्या फाइलला लागली, दुसरीवर पोच घेऊन तिनं ती पिशवीत ठेवली.