बिल अण्णांच्याच नावाने येऊ द्या

अण्णा गेले, दिवसकार्य झालं, तरी वीजबिल त्यांच्याच नावाने येतंय ना? येऊ द्या की. बिल भरायला ग्राहक क्रमांकाचे बारा आकडे पुरतात, ग्राहक हयात आहे का असं कुणी विचारत नाही. पुढे छतावर सोलरचं अनुदान घ्यायचं ठरलं आणि जोडणी अर्जदाराच्या नावावर नाही म्हणून अर्ज अडला, तर तेव्हाचं तेव्हा बघू.

बदलायचंच असेल तर सुरुवात विजेपासून करा. महावितरण मालकीचा पुरावा म्हणून घरपट्टीची पावती मागेल, आणि तीही अण्णांचीच निघेल. एक हेलपाटा वाया गेला की आधी महापालिकेचा घरपट्टी विभाग गाठायचा असतो, हे कायमचं लक्षात राहतं. तिथली थकबाकी मात्र आदल्या दिवशी भरू नका. अर्ज परत यायला काहीतरी कारण हवं.

आता खरी करामत. समजा, सांगलीच्या गावभागातलं हे घर अण्णांनी स्वकमाईने बांधलेलं, मृत्युपत्र नाही. मागे पत्नी, दोन मुलगे, कराडला दिलेली मुलगी आणि नव्वदीतली आई. अर्जावर फक्त थोरल्याचं नाव घाला. ताईचं लग्न झालंय, तिला कशाला त्रास? आजीला तर विचारूच नका. हिंदू वारसा कायद्याने पाचही जणांना सारखा पाचवा हिस्सा मिळतो, पण कायदा करणाऱ्यांना आपल्या घरातलं काय कळतं! मग वारसांचं संमतीपत्र मागितलं की ताईला फोन लावा, आणि फोन जावईबापूंनी घेतला की विषय आपोआप वाढेल.

पाचही नावं एकदम लावून घेणं हा कंटाळवाणा मार्ग आहे. त्यात भांडण नाही, आणि कुणाला हिस्सा सोडायचाच असेल तर दुय्यम निबंधकांकडे हक्कसोडपत्र नोंदवून नंतर सोडता येतो. नुसत्या स्टँपवर सह्या घेतल्या तर घराचा हक्क सुटत नाही, एवढी बारीकसारीक गोष्ट कोण बघतो?

कागदावरची नावंही जुळवू नका. मृत्यूच्या दाखल्यावर ‘दत्तू’, घरपट्टीला ‘दत्तात्रय’, वीजबिलावर ‘डी. के.’ असे तीन अण्णा असले की तिघेही एकच, असं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. दाखल्यातली चूक निबंधकाकडे दुरुस्त करून घेता येते. पण ती सगळ्यात आधी केली तर पुढची मजाच गेली.

वीज जोडणीची अनामतही अण्णांच्या नावावर जमा असते. ती आपल्या नावावर वळवायची, हे अर्जातच सांगायचं असतं. तुम्ही विसरा आणि नवी भरा. पाणीपट्टीला फारसं डोकं लावू नका, घरपट्टीची नवी पावती आणि पाण्याची शून्य बाकी दाखवली की ते काम त्यामानाने बिनबोभाट होतं.

आणि घरपट्टीवर नाव लागलं की पेढे वाटा, घर तुमचं झालं! कराच्या पावतीने मालकी ठरत नाही आणि मिळकत पत्रिकेवरची वारसनोंद नगर भूमापन कार्यालयात वेगळी करावी लागते, हे सांगायला घर विकताना गिऱ्हाइकाचा वकील असतोच.