गुणाकाराचा भाव हा हक्काचा भाव नव्हे

"सेम गेम मल्टी म्हणजे उघड चोरी! यजमान जिंकणार १.९५, अडीचपेक्षा जास्त गोल १.८८, गुणाकार ३.६७. ॲप देतं २.९०! उपाय : (१) गुणाकारापेक्षा जास्त भाव दिसेल तीच जोडी घ्या, तिथे ॲपची चूक असते, फायदा आपला. (२) नाहीतर दोन लेग दोन वेगळ्या ॲपवर लावा, पूर्ण गुणाकार मिळतो. (३) एक लेग रद्द झाला की अख्खा भाव बदलतात, हीसुद्धा फसवणूकच. पुढे पाठवा."

हे फिरत फिरत माझ्या भाच्यापर्यंत पोचलं. त्याने ते मला पाठवून खाली विचारलं, "मामा, पहिला उपाय करून बघू का?" म्हणून हा खटाटोप. नाहीतर असल्या मेसेजना उत्तर देण्यात वेळ घालवायची मला हौस नाही.

आधी चोरीचं बघू. सेम गेम मल्टी म्हणजे एकाच सामन्यातले दोन किंवा जास्त अंदाज, म्हणजे लेग, जोडून लावलेली एकच बेट; सगळे लागले तरच पैसे. आणि भाव १.९५ म्हणजे लागलं तर १ रुपयाचे १.९५ परत. दोन भावांचा गुणाकार करायचा तर एक अट पाळावी लागते : पहिली गोष्ट घडली काय न घडली काय, दुसरीच्या शक्यतेत फरक पडता कामा नये. दोन वेगळ्या सामन्यांत ही अट जवळजवळ पाळली जाते, म्हणून वेगवेगळ्या सामन्यांचे लेग जोडणाऱ्या साध्या ॲक्युम्युलेटरमध्ये सरळ गुणाकार चालतो. एकाच सामन्यात चालत नाही. "अमुक स्ट्रायकर गोल करणार" आणि "सामन्यात किमान एक गोल होणार" ही जोडी घ्या. पहिलं झालं की दुसरं झालंच. दुसऱ्या लेगमध्ये काही जोखीमच नाही, तरी गुणाकार त्याचे पैसे मागतो. म्हणून तर पूर्वी बुकी एकमेकांत गुंतलेले लेग जोडूच देत नसत. आता देतात, कारण सामन्याचं गणित मांडून त्या जोडीचा वेगळा भाव काढता येतो.

तो कसा काढतात? मॉडेल सगळ्या संभाव्य स्कोअरचा तक्ता मांडतं आणि ज्या स्कोअरला दोन्ही लेग लागतात, त्यांच्याच शक्यता जोडतं. समजा, यजमानांचे सरासरी १.६ आणि पाहुण्यांचे १.१ गोल अपेक्षित आहेत. सरासरीवरून शून्य, एक, दोन अशा प्रत्येक गोलसंख्येची शक्यता देणारं पॉयसाँ वितरण लावलं, तर अशा १०० सामन्यांत यजमान सुमारे ४९ जिंकतात आणि तीन किंवा जास्त गोल सुमारे ५१ सामन्यांत होतात. गुणाकार म्हणतो, दोन्ही एकदम २५ सामन्यांत. तक्ता म्हणतो, जवळजवळ ३०. सामन्यात गोल जास्त झाले की बरोबरी अवघड होते आणि सरस संघाचं पारडं जड होतं. नेमका आकडा २९.६, म्हणजे नफा शून्य धरला तर वाजवी भाव ३.३८. त्या जागी ३.६७ दिला, तर लावणाऱ्याला दर १०० मागे सरासरी १०८-१०९ परत मिळतील. असा धंदा कोण करेल?

आता तो पहिला उपाय. सगळ्यात घातक हाच, आणि भाच्याला भुरळ पडली तीही याचीच.

त्याच सामन्यात "यजमान जिंकणार" आणि "अडीचपेक्षा कमी गोल" जोडा. समजा कमी गोलांचा भाव १.९३ आहे. गुणाकार येतो ३.७६ आणि ॲप दाखवतं ४.४०. मेसेज म्हणतो, चूक झाली, लुटा. पण जरा स्कोअर मोजा. दोन किंवा त्याहून कमी गोल होऊन यजमान जिंकायचे, तर रस्ते दोनच : १-० किंवा २-०. १-१ चालत नाही, ०-० चालत नाही, २-१ ला गोल तीन होतात. १-० ची शक्यता १०.८ टक्के, २-० ची ८.६, बेरीज १९.४. गुणाकार २४ सामने धरतो, लागतात मात्र १९. वाजवी भाव ५.१७. म्हणजे ४.४० हा भाव गुणाकारापेक्षा जास्त असला, तरी जोखमीच्या मानाने कमीच आहे. दर १०० मागे सरासरी ८५ परत. हेच लेग सुटे लावले असते, तर १०० मागे चार-पाचच गेले असते. जिथे पंधरा जातात, तिथे हा मेसेज लोकांना "फायदा आपला" म्हणून धाडतोय. गुणाकारापेक्षा जास्त भाव एवढंच सांगतो की हे दोन लेग एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. ॲप चुकलंय की नाही, ते त्यावरून कळत नाही.

दुसऱ्या उपायाला चार ओळी पुरेत. दोन ॲपवर ५०-५० लावून दोन्ही लेग लागले तर ९७.५० आणि ९४, मिळून १९१.५० हातात येतात. ३६७ नाही. गुणाकार मिळायला पहिल्याची सगळी रक्कम दुसऱ्यावर लागावी लागते आणि इथे दोन्हींचा निकाल एकाच सामन्यातून येतो. मध्ये पैसे उचलून लावणार कधी?

आता नाइलाजाने एक कबूल करतो. ३.६७ वरून ३.३८ हे गणित झालं, पण ३.३८ वरून २.९० हा ॲपचा वाटा आहे, आणि तो गणिताच्या कपातीपेक्षा मोठा आहे. वेगळ्या सामन्यांतले असेच दोन लेग गुणले, तर दोन्हींचे छोटे वाटे एकावर एक चढून १०० मागे साधारण ९ जातात. इथे १४. लेग वाढले की गळती वाढते, हे काही नवं नाही. नेवाडा राज्याच्या १९८४ पासूनच्या अधिकृत आकडेवारीत अमेरिकन फुटबॉलवर लावलेल्या पैशांपैकी बुकींकडे साधारण ५ टक्के राहतात आणि अनेक लेग जोडून लावायच्या पार्ले कार्डवर ३० टक्क्यांच्या आसपास. त्या कार्डांवर बहुतेक लेग वेगवेगळ्या सामन्यांचे असतात, म्हणजे गुंतलेल्या लेगचा तिथे फारसा संबंध नाही. तरीही एवढं.

सेम गेम मल्टीत अडचण ही की वाटा डोळ्यांना दिसत नाही. गुणाकाराशी ताडून तो कळत नाही, पण चार भाव काढून कळतो. यजमान जिंकणार किंवा नाही, गोल जास्त किंवा कमी, अशा चारही जोड्यांचे भाव ॲपमध्ये टाकून बघा, पैसे न लावता. समजा २.९०, ४.४०, ४.०० आणि २.८५ आले. प्रत्येकाने १ ला भागा आणि बेरीज करा : ०.३४५, ०.२२७, ०.२५०, ०.३५१. एकूण १.१७३. चारांपैकी एक घडणारच, म्हणून वाजवी बेरीज १ हवी. वरचं ०.१७३ म्हणजे त्यांचं मार्जिन. मॉडेल येत नसलं तरी एवढं कोणालाही जमतं. (कोणत्या जोडीवर किती चढवलंय, ते मात्र यातून कळत नाही. लोकांच्या आवडत्या जोडीवर जास्त असू शकतं.)

राहिला रद्द लेग. साध्या ॲक्युम्युलेटरमध्ये रद्द लेगचा भाव १ धरतात आणि बाकीचा गुणाकार तसाच राहतो. इथे मुळात गुणाकार नव्हताच, तर त्यातून एक काढणार कसा? म्हणून कुणी उरलेल्या लेगचा भाव नव्याने काढतं, कुणी अख्खी बेट रद्द करून पैसे परत देतं. कोणतं ॲप काय करतं, ते त्याच्या नियमांत लिहिलेलं असतं.