स्कोर पाठवला म्हणजे पोचला असं कोण म्हणालं?

गेले दहा दिवस घरी एकच प्रश्न, "झालं का गं तुझं ते स्कोरचं?" नाही झालं बाबा!!

परदेशी युनिव्हर्सिटीत प्रवेशासाठीची जीआरई परीक्षा दिली १४ नोव्हेंबरला. पेपर संपल्यावर स्क्रीनवर मार्क दिसतात आणि लगेच विचारतात, चार युनिव्हर्सिट्या निवडा, फुकट पाठवू. तेव्हा डोक्याचा पार भुगा झालेला, मी दोनच टाकल्या, म्हटलं बाकीच्या दोन घरी जाऊन निवांत बघू. निवांत कसलं डोंबल! ती फुकटची सोय तिथेच त्या खुर्चीतच संपते, नंतर प्रत्येक कॉलेजला वेगळे डॉलर मोजा. हे आधी माहीत असतं तर आणखी दोन युनिव्हर्सिट्यांचे कोड हातावर लिहून नेले असते.

बरं, ऑफिशियल स्कोर यायलाच आठ-दहा दिवस. त्यानंतर तिसरी युनिव्हर्सिटी ठरली, ३ डिसेंबरला पैसे भरले (त्यातही कार्डाचं इंटरनॅशनल बंद, अर्धा तास बँकेच्या ॲपशी झटापट). पाचेक वर्किंग डे लागतात म्हणे, शनिवार-रविवार त्यात धरायचे नाहीत. १० तारखेला माझ्या अकाउंटवर "पाठवला" असं आलं, मी खूश, संध्याकाळी मैत्रिणींना रावपुऱ्यात सेव उसळ खिलवली. आणि कॉलेजच्या पोर्टलवर? अवेटिंग. १२ ला अवेटिंग. १४ ला अवेटिंग. डेडलाइन १५ ची!

मेल टाकला तर दोन दिवसांनी उत्तर, तुमच्या नावाचा स्कोर अर्जाशी जुळत नाही. अरे जुळेल कसा, पासपोर्टवर माझ्या नावापुढे बाबांचं नाव चिकटलंय, परीक्षेला तसंच द्यावं लागतं, आणि अर्जात मी शहाणपणा करून नुसतं नाव-आडनाव लिहिलं. म्हणजे स्कोर त्यांच्याकडे येऊन पडलाय, पण वेगळ्याच पोरीच्या नावावर, आणि आपल्याला दिसणार फक्त अवेटिंग. डिसेंबरात म्हणे हाताने जुळवायला दोन आठवडे लागतात. मग त्या पोर्टलवर "नाव जुळलं नाही" एवढे तीन शब्द टाकायला काय जातं यांचं??

बाबा म्हणतात, कुरियर कर ना सरळ. अहो बाबा, मी प्रिंट काढून पाठवलेला कागद ते ऑफिशियल धरतच नाहीत!

आणि वर हे डेडलाइनचं कोडं. १५ तारीख रात्री ११:५९ न्यूयॉर्कची, म्हणजे बडोद्यात १६ ला सकाळी १०:२९, अर्ज मी त्या हिशोबाने शेवटच्या तासात भरला. पण स्कोर १५ पर्यंत हातात हवा की अर्ज १५ पर्यंत आणि स्कोर मागाहून चालेल, हे एका कॉलेजच्या पानावर स्वच्छ लिहिलंय, दुसऱ्याच्या एफएक्यूमध्ये खाली कुठेतरी लपवलंय, आणि माझ्या ह्या तिसऱ्याने लिहिलंच नाहीये. पासपोर्टचा स्कॅन, स्कोरचा नंबर, जन्मतारीख, सगळं परत पाठवलंय. आत्ता परत बघितलं.

अवेटिंग.